दोन तास की अडीच: एका जोडप्याने तीनदा सांगितलेली गोष्ट

हे जोडपं माझ्या मित्रपरिवारातलं आहे, माझ्याकडे समुपदेशनाला आलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिलंय ते टेबलापलीकडे बसून टिपलेलं नसून सतरंजीवर बसून ऐकलेलं आहे. त्यांचं लग्न कसं जमलं ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून तीनदा ऐकली: 2009 मध्ये नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीनंतर, 2017 मध्ये कोजागिरीला आणि 2023 मध्ये एका रविवारच्या जेवणानंतर. पहिल्या दोन वेळचं चित्रण कुणाकुणाकडे होतं, तिसऱ्या वेळी मी विचारून आवाज रेकॉर्ड केला. लिहू का, असंही विचारलं. ती म्हणाली, "लिही, पण आमची नावं नकोत." ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. बोलणं मात्र शक्य तितकं जसंच्या तसं ठेवलंय.

गोष्ट अगदी साधी, कांदेपोह्यांची. मे 2005. मुलगा पुण्याचा, कारखान्यात इंजिनिअर. मुलगी सोलापूरची, बँकेत नोकरीला. मुलाकडची मंडळी सुमो करून निघाली, वाटेत गाडी पंक्चर झाली, पोचायला उशीर झाला, पोहे वाळले. मग दोघांना "बोला जरा" म्हणून गच्चीवर पाठवलं आणि तिथे एक मजेशीर वाक्य बोललं गेलं. साखरपुडा झाला, पुढे मुलाच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि लग्न सहा महिने लांबलं. तिन्ही वेळा घटना याच होत्या.

वास्तुशांतीचा 2009 चा व्हिडिओ असा सुरू होतो:

तो: मे महिना, सोलापूर, बेचाळीस डिग्री. आम्ही सकाळी सहाला निघालो. सुमोत नऊ माणसं.

ती: आणि एक कलिंगड.

तो: हो, कलिंगड! मामाने भिगवणला घेतलं. मुलीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणे. तर टेंभुर्णीला पंक्चर. स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. दोन तास...

ती: अडीच.

तो: अडीच तास रस्त्यावर. कलिंगड मांडीवर घेऊन. आणि इकडे पोहे...

ती: दोनदा गरम करून झाले होते. तिसऱ्यांदा काकू म्हणाली, आता असू दे, पाण्याचा हबका मार.

पुढे गच्ची. दुपारचा दीड वाजलेला, चपला खाली दारात राहिलेल्या, कोबा असा तापलेला की उभं राहवेना. "आम्ही दोघं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो," तो म्हणतो आणि सगळ्यांसमोर नाचून दाखवतो. तीही बसल्या जागी पाय उचलते. मग तो सांगतो की आपल्याला काही सुचेना, शेवटी म्हटलं, पोहे छान झाले होते. "आणि ही म्हणाली..." इथे तो थांबतो आणि तिच्याकडे बघतो. ती पाणी पिऊन घेते, तेवढा वेळ सगळे वाट बघतात. मग म्हणते, "मी म्हटलं, काकूने केलेत. आणि छान झाले नव्हते."

हे सगळं अकरा मिनिटं चाललं. वडिलांच्या आजारपणाचा भागही त्यात होता आणि तो दोघांनी मिळून सांगितला. ती हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला यायची, दिवसभर हॉस्पिटलमध्ये थांबायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. "लोक सिनेमाला जातात, आम्ही एम. आर. आय.ला गेलो," हे तिचं वाक्य.

मी तेव्हा हसलो आणि जिलबी खाल्ली. बाकी काही लक्षात यायचं कारणच नव्हतं.

कोजागिरीचा 2017 चा व्हिडिओ चार मिनिटांचाही नाही. मधल्या काळात तो कामासाठी दोन वर्षं गुजरातेत साणंदला होता आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. ती नोकरी, नऊ वर्षांची मुलगी आणि आजारी सासूबाई यांचं सगळं एकटीने बघत होती. त्या रात्री त्याचे तिकडचे दोन सहकारीही गच्चीवर होते आणि त्यांच्याचपैकी एकाने विचारलं, "वहिनी, तुमचं कसं जमलं?" प्रश्न वहिनींना होता, उत्तर त्याने दिलं.

तो: अरे काही नाही, टिपिकल. आम्ही गेलो सोलापूरला, बघितली, पसंत केली. वाटेत गाडी पंक्चर, दोन तास लटकलो...

ती: अडीच.

तो: बरं बाई, अडीच. पॉइंट तो नाहीये. तर पोहे खाल्ले, दगड नुसते. मी म्हटलं छान झालेत, तर म्हणे मी केलेच नाहीत. तेव्हाच कळायला हवं होतं मला!

सगळे हसले. ती दुधाचं पातेलं ढवळायला उठली. कलिंगड नव्हतं, मामा नव्हता, गच्चीवरचा नाच नव्हता. सहकाऱ्याने विचारलं, "मग लगेच लग्न?" त्यावर ती पाठमोरीच म्हणाली, "लगेच कुठलं? ह्यांच्या घरी आजारपण निघालं. माझे सहा महिने गेले त्यात." तो म्हणाला, "आता ते कशाला," आणि विषय क्रिकेटवर गेला.

या वेळी मात्र माझ्या कानांनी काहीतरी टिपलं. त्याचं कारण धंद्यातलं आहे.

जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जोडप्यांसाठी मौखिक इतिहासाची एक मुलाखत बसवली आहे. तिची सुरुवातच "तुम्ही कसे भेटलात" इथून होते. पुढे लग्न कसं ठरलं, कठीण काळ कोणता आला, त्यातून कसे निघालात असे प्रश्न येतात. जोडप्याला एकत्र बसवून विचारायचं आणि उत्तर खरं की खोटं ते बघायचं नाही, सांगण्याची रीत बघायची. एकमेकांबद्दल जिव्हाळा डोकावतो का, तपशील भरभरून येतात की एका वाक्यात बोळवण होते, "आम्ही" जास्त येतं की "मी", कठीण काळ अभिमानाने सांगितला जातो की नुसता भोगल्यासारखा, आणि एकूण सुरात निराशा आहे का, अशा गोष्टींना गुण द्यायचे. 1992 मध्ये किम ब्यूलमन, गॉटमन आणि लिन कॅट्झ यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात दावा होता की या गुणांवरून तीन वर्षांत कोण घटस्फोट घेईल हे 94 टक्के अचूकपणे सांगता आलं.

हा आकडा फार फिरतो, म्हणून इथे जरा थांबतो. समजा शंभर जोडपी आहेत आणि तीन वर्षांत त्यांतली दहा विभक्त झाली. मी डोळे मिटून "कोणीच विभक्त होणार नाही" असं म्हटलं, तरी मी 90 टक्के बरोबर ठरतो. शिवाय या अभ्यासांत निकाल आधी लागलेला असतो आणि त्याला सगळ्यात चांगलं बसेल असं सूत्र मागाहून काढलेलं असतं. तेच सूत्र नव्या जोडप्यांना लावलं की अचूकता घसरते. रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी 2001 मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं. त्यामुळे कोजागिरीच्या रात्री चार मिनिटं ऐकून मी भविष्य सांगायला गेलो असतो, तर तो मूर्खपणा ठरला असता. मुलाखतीची दृष्टी उपयोगाची आहे, तिची भविष्यवाणी बाजूला ठेवावी.

ही दृष्टी मराठीत आणताना मात्र एक घोटाळा होतो, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या घोटाळ्यातच आहे. इंग्रजीत "वी" मोजता येतो. मराठीत ठरवून झालेल्या लग्नाची गोष्ट मोजायला बसलात तर "आम्ही" ढिगाने सापडतील आणि त्यांतले निम्मे जोडप्याचे नसतील. "आम्ही सकाळी सहाला निघालो" यातला आम्ही म्हणजे नऊ माणसं आणि एक कलिंगड. "आमच्याकडे पोहे तयार होते" यातलं आमच्याकडे म्हणजे तिचं माहेर. कांदेपोह्यांच्या गोष्टीची सुरुवात दोन वेगवेगळ्या "आम्हीं"नी होते आणि ते समोरासमोर बसलेले असतात. म्हणून आकडा मोजून काही कळत नाही. या शब्दाचा मालक कुठे बदलतो, ते शोधावं लागतं.

2009 च्या सांगण्यात ती जागा बोट ठेवून दाखवता येते: तापलेली गच्ची. तोवर त्याचा आम्ही म्हणजे सुमो आणि तिचा आम्ही म्हणजे स्वयंपाकघर. "आम्ही दोघं नाचत होतो" इथे पहिल्यांदा हा शब्द जोडप्याचा होतो आणि मग हॉस्पिटलपर्यंत त्यांचाच राहतो. 2017 मध्ये गच्ची गळली आणि तिच्याबरोबर हा बदलही गळला. "आम्ही गेलो, बघितली, पसंत केली" यात आम्ही शेवटपर्यंत सुमोतच बसून आहे. तिच्या बाजूने तर तो शब्द आलाच नाही. "ह्यांच्या घरी" आणि "माझे सहा महिने" एवढंच आलं. आजारपण तेच, हॉस्पिटल तेच, पण आठ वर्षांपूर्वी त्यातून ओळख वाढली होती आणि आता त्याचं नुसतं बिल उरलं होतं.

दुसरी जागा "अडीच"ची. दोन्ही वेळा त्याने दोन म्हटलं आणि दोन्ही वेळा तिने सुधारलं. पहिल्या वेळी त्याने "अडीच तास रस्त्यावर" असं म्हणत तो शब्द उचलला आणि कलिंगड मांडीवर घेऊन पुढे निघाला. दुसऱ्या वेळी "पॉइंट तो नाहीये." खरं तर पॉइंट नव्हताच. पण साक्षीदाराला गप्प बसवल्यावर साक्षीदार दूध ढवळायला उठतो. ऑस्ट्रेलियात सिलिया हॅरिस आणि सहकाऱ्यांनी वयस्क जोडप्यांना मिळून आठवायला लावलं होतं. त्यात काही जोडप्यांना एकेकट्यापेक्षा दोघं मिळून जास्त आठवलं, काहींचं मात्र उलटंच झालं. फरक बराचसा याचा होता की एकाने टाकलेला धागा दुसरा उचलतो की नाही. "आणि एक कलिंगड" हा असा धागा आहे. तो उचलला गेला म्हणून मामा आला आणि भिगवण आलं.

मध्येच तोडणं वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. माझे एक काका-काकू पन्नास वर्षं आपल्या लग्नाची गोष्ट एकाच वेळी दोघंही बोलून सांगत आलेत. काका म्हणतात वरात बैलगाडीतून आली, काकू म्हणतात ट्रॅक्टरमधून. दोघंही ओरडतात, ऐकणाऱ्याला गोष्ट कळतच नाही, आणि त्यांच्याइतकं एकमेकांवाचून अडणारं जोडपं मी पाहिलेलं नाही. उलट एकही अडखळ नसलेली, दोघांनी वाक्यं वाटून घेतलेली, लग्नाच्या व्हिडिओसारखी गुळगुळीत गोष्ट ऐकली की मी सावध होतो. ती बहुतेक वेळा इतक्यांदा सादर झालेली असते की तिच्यातून आत काही दिसत नाही.

कोजागिरीच्या सांगण्याला आणखी एक बाजू आहे. त्या रात्री श्रोते वेगळे होते. ऑफिसच्या माणसांसमोर नवरे जरा बायकोवर विनोद करतात, तशी आपल्याकडे पद्धतच आहे (वाईट आहे, पण आहे). मग जे मला दिसलं ते नातं होतं की मंडळींचा परिणाम? एका ऐकण्यावरून हे ठरवता येत नाही. डेट्रॉइट परिसरात जोसेफ व्हेरॉफ यांच्या गटाने 1986 मध्ये लग्न झालेल्या जोडप्यांकडून हीच गोष्ट पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या वर्षी अशी तीनदा सांगवून घेतली होती, ती बहुधा याचसाठी. एकच माणसं, एकच घटना, वर्षं वेगळी. तिथे विचारणारा तरी परका आणि तटस्थ होता. माझ्याकडे फक्त मित्र होते आणि मीही त्यांच्यातलाच एक. त्याने तिचं वाक्य स्वतः म्हणून टाकलं याचा दोष मी मंडळींना देऊ शकलो असतो. तिच्या पाठमोऱ्या "माझे सहा महिने"चा दोष त्यांना देता आला नाही.

मी काही बोललो नाही. मित्रांनी अशा वेळी बोलू नये असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. "तुमची गोष्ट बदललीय बरं का" असं कुणी म्हटलं, की जोडपं पुढच्या वेळी गोष्ट दुरुस्त करून सांगतं आणि घरातलं जे आहे ते तसंच राहतं. ताप उतरवायचा म्हणून थर्मामीटर थंड पाण्यात बुडवण्यातली गत.

पुढच्या वर्षी त्यांचं बरंच बिघडलं. ती दोन महिने सोलापूरला जाऊन राहिली. मग दोघं एका समुपदेशिकेकडे गेले, जवळपास वर्षभर. तो साणंद सोडून पुण्यात परतला, पगार कमी घेऊन. तिथे काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी आपणहून सांगितली, तीही तिसऱ्या सांगण्यातच आली.

2023 चा रविवार. जेवण झालेलं, आम्ही सहाजण आणि त्यांची मुलगी. या वेळची गोष्ट सोळा मिनिटांची आणि पूर्वीपेक्षा कमी विनोदी आहे. मधे लांब गप्प बसणं आहे. रेकॉर्डिंगमध्ये एके ठिकाणी नुसता पंखाच ऐकू येतो. काकूच्या पोह्यांचं वाक्य पुन्हा तिच्याकडे आलंय, पण ते आता शेवट राहिलेलं नाही. गोष्ट तिथून हॉस्पिटलकडे जाते.

ती: मी पाच वेळा आले होते पुण्याला. घरी सांगितलं नव्हतं.

मी: म्हणजे?

ती: बँकेचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगायचे. लग्नाआधी मुलीने तिकडे जाऊन बसायचं नाही, असं बाबांचं होतं. एकदा तर स्टेशनवर शेजारचे काका भेटले, त्यांनाही ट्रेनिंगच सांगितलं.

तो: मला हे चौदा वर्षांनी कळलं. मला वाटायचं, हिच्या घरच्यांनीच पाठवलंय, रीत म्हणून.

ती: तू विचारलं कुठे होतंस?

तो: नाही विचारलं.

(पंखा.)

ती: आपण कुठे बसायचो रे तेव्हा? कॅन्टीन नाही, कॅन्टीन नंतर.

तो: मागे. जनरेटरच्या शेडपाशी. तो दगडी कट्टा होता ना.

ती: हां. आणि जनरेटर सुरू झाला की काही ऐकू यायचं नाही.

तो: मग आपण नुसतेच बसायचो.

या चार ओळी मी बऱ्याचदा ऐकल्यात. आम्हाला सांगताना "आम्ही" म्हणणारी माणसं इथे "आपण" म्हणाली. मराठीत ही सोय आहे. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचं तर आम्ही, आत घ्यायचं तर आपण. त्या क्षणी ऐकणारे सहाजण बाहेर होते आणि आत फक्त तो होता. गोष्ट आम्हाला सांगणं थांबलं होतं, ते दोघं एकमेकांना विचारून आठवत होते. गॉटमनच्या गुणपत्रिकेत याला रकाना नाही. पहिल्या, हसऱ्या सांगण्याच्या व्हिडिओत मी मुद्दाम जाऊन शोधलं. तिथे असं "आपण" एकदाही नाही. तेव्हा गोष्ट छान होती, पण पूर्णपणे आमच्यासाठी होती.

2017 मधलं "माझे सहा महिने" आता वेगळं ऐकू येतं. तेव्हा मला वाटलं होतं की ती जुन्या आठवणीवर आजचा राग काढतेय. तसं असेलही. पण त्या सहा महिन्यांचा तिने एकटीने उचललेला एक भाग गोष्टीत कधी आलाच नव्हता, अकरा मिनिटांच्या गोड गोष्टीतसुद्धा. म्हणजे 2009 ची गोष्ट चांगली आणि 2017 ची बिघडलेली, एवढं ते सरळ नाही. पहिल्या गोष्टीतही एक खिडकी बंद होती आणि हसण्यात ती कुणाला दिसली नाही. मलाही नाही.

सगळं जुळून आलं असं लिहिण्याचा मोह होतो, पण तसं रेकॉर्डिंगमध्ये नाही. साणंदची दोन वर्षं दोघांनी "मग मधे ते झालं" म्हणून ओलांडली. तिने एकदा त्याला "साहेब" म्हटलं, ते लाडाने होतं की टोमणा होता हे मी तीनदा ऐकूनही सांगू शकत नाही. ती वर्षं गोष्टीत कधी येतील, येतील का, कोण जाणे.

निघताना मुलीला कुणीतरी म्हटलं, तू सांग बघू आई-बाबांची गोष्ट. चौदा-पंधरा वर्षांची पोरगी, मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आम्ही सुमोने चाललेलो, मोहोळला पंक्चर झालं..."

"टेंभुर्णी!" दोघं एकदमच ओरडले.

"तेच ते," ती म्हणाली. "तर दोन तास..."